करुण गाण्यांचा दिलासा

विरहाचे किंवा वियोगाचे गाणे ऐकताना बरे वाटते, हा अनुभव इतका नेहमीचा आहे की त्यातली विसंगती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. दुःख ही माणूस एरवी टाळतो ती भावना. जवळच्या माणसाचा मृत्यू किंवा मोडलेले लग्न असे प्रसंग कोणी हौसेने पुन्हा अनुभवायला जात नाही. करुण गाणे मात्र निवडून लावले जाते, संपल्यावर पुन्हा लावले जाते, आणि पुष्कळदा मन आधीच उदास असताना लावले जाते. यातून दोन वेगळे प्रश्न निघतात. दुःख व्यक्त करणारे संगीत सुखद का वाटते, हा पहिला. ते ऐकल्याने उदास माणसाची मनःस्थिती खरोखर सुधारते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गेल्या दीड-दोन दशकांतल्या प्रयोगांतून बरेच स्पष्ट झाले आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र ऐकणारा कोण आहे आणि ऐकताना त्याच्या मनात काय चालले आहे, यावर अवलंबून राहते.

रसचर्चेतला प्रश्न

भारतीय साहित्यविचाराला हा प्रश्न नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायीभाव मानला आहे. शोक दुःखद आणि रसास्वाद आनंदमय, मग एकातून दुसरा कसा निर्माण होतो, यावर पुढच्या शतकांत भरपूर वाद झाला. अभिनवगुप्ताच्या मांडणीत याचे उत्तर साधारणीकरणात आहे. रंगभूमीवरचा शोक प्रेक्षकाला ‘माझा’ म्हणून जाणवत नाही आणि ‘त्या परक्या माणसाचा’ म्हणूनही जाणवत नाही. तो व्यक्तीपासून सुटा होतो, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने व्यवहारी पुरावा पुढे केला. करुण रसात केवळ दुःख असते तर त्याकडे कोणी वळलेच नसते, आणि सहृदयांचा अनुभव तर याच्या उलट आहे.

मराठीत न. चिं. केळकरांनी 1921 च्या बडोदे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक स्वतःची भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अवस्थेतून आनंद मिळतो, असा तिचा आशय. ही कल्पना साहित्यासाठी होती, पण पुढे पाहणार आहोत त्या प्रयोगांच्या निष्कर्षांशी तिचे चांगलेच जुळते.

नाटकाला मिळालेले उत्तर संगीताला जसेच्या तसे लावता येत नाही. नाटकात सीता असते, वनवास असतो, कोणाच्या तरी वाट्याला आलेली एखादी घटना असते. सारंगीवरच्या आलापात यातले काहीच नसते, तरीही तो उदास वाटतो. तेव्हा स्वरांमध्ये दुःख ओळखू येते ते कशामुळे, हे आधी पाहावे लागते.

स्वरांतले दुःख कसे ओळखू येते

दुःखी माणसाच्या बोलण्याची काही लक्षणे ठरलेली असतात. गती मंदावते, आवाज खाली येतो आणि बारीक होतो, चढ-उतार कमी होतात, वाक्याचा शेवट खाली झुकतो. पॅट्रिक युस्लिन आणि पेट्री लाउक्का यांनी 2003 मध्ये बोलण्यातल्या भावाभिव्यक्तीवरचे 104 आणि संगीत सादरीकरणावरचे 41 अभ्यास एकत्र तपासले. बोलणारा आणि वाजवणारा जवळपास त्याच खुणांनी दुःख व्यक्त करतात, असे त्यातून दिसले. ऐकणाऱ्याचा मेंदू विलंबित लयीतल्या, हळू, खालच्या पट्टीतल्या स्वरावलीकडे थकलेल्या, खचलेल्या माणसाचा आवाज म्हणून पाहतो. त्यासाठी शब्दांची गरज पडत नाही.

संस्कृती वेगळी असली तरी या खुणा काही प्रमाणात पोचतात. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम थॉम्पसन यांनी 1999 मध्ये हिंदुस्थानी संगीत न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना रागांचे तुकडे ऐकवले. आनंद, दुःख आणि क्रोध या भावना त्यांना ओळखता आल्या, शांत भाव मात्र नीट ओळखता आला नाही. भारतातल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रातील नंदिनी चटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये बारा रागांचे आलाप आणि गती वेगवेगळ्या ऐकवून प्रतिसाद नोंदवले. आलापात शांत वाटणारे राग लयबद्ध गतीत आनंदी वाटू लागले, तर आलापात उदास वाटणारे राग गतीत तणावपूर्ण वाटले. रागातले स्वर आणि लय मिळून भाव ठरवतात, हे यातून दिसते. कोमल रिषभाचे अंतर अप्रिय किंवा ताणलेल्या भावाशी जोडलेले आढळले. मारवा, श्री किंवा तोडी यांची हुरहूर ज्यांच्या परिचयाची आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

ओळखलेले दुःख आणि जाणवलेली भावना

संगीतात दुःख ओळखणे आणि स्वतः दुःखी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जपानमधील आइ कावाकामी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 44 जणांना करुण संगीताचे छोटे तुकडे ऐकवले आणि प्रत्येकाला दोन वेगळे प्रश्न विचारले. हे संगीत ऐकून सामान्यतः लोकांना काय वाटेल, आणि तुम्हाला स्वतःला काय वाटले? संगीतातला शोक सहभागींना जितका तीव्र दिसला तितका स्वतःला जाणवला नाही. उलट स्वतःच्या अनुभवात कोमल, प्रेमळ अशा छटा त्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त नोंदवल्या.

लिला तारुफ्फी आणि श्टेफान क्योल्श यांच्या 2014 च्या ऑनलाइन पाहणीत वेगवेगळ्या देशांतल्या 772 जणांनी भाग घेतला. करुण संगीताने जागी होणारी सर्वांत वारंवार येणारी भावना स्मरणरंजनाची निघाली, निव्वळ दुःखाची नव्हे. ऐकण्यातून काय मिळते, याची उत्तरे चार गटांत पडली. कल्पनेला मोकळे रान मिळते. भावना आवरायला किंवा मोकळी करायला मदत होते. दुसऱ्याच्या दुःखाशी समरस होता येते. आणि चौथे म्हणजे, या दुःखाचे आयुष्यात काही परिणाम भोगावे लागत नाहीत. शेवटचा मुद्दा साधारणीकरणाच्या अगदी जवळचा आहे. गाण्यातल्या विरहामुळे ऐकणाऱ्याचे घर मोडत नाही, कोणाला फोन करावा लागत नाही, कोणता निर्णय घ्यावा लागत नाही. दुःखाची तीव्रता राहते आणि त्याची किंमत मात्र चुकवावी लागत नाही.

पण किंमत नसणे एवढ्यानेच आनंदाचा उलगडा होत नाही, कारण निरुपद्रवी गोष्टी पुष्कळ असतात आणि त्या सगळ्या सुखद नसतात. त्यापुढचा दुवा टुओमास एरोला, योना वुओस्कोस्की आणि हन्नू काउटिआइनेन यांच्या 2016 च्या प्रयोगात सापडतो. त्यांनी 102 जणांना एकच अपरिचित करुण वाद्यसंगीत ऐकवले. ‘बँड ऑफ ब्रदर्स’ या युद्धमालिकेसाठी मायकेल केमनने रचलेला तो भाग होता. मुद्दाम अपरिचित तुकडा घेतला, कारण ओळखीच्या गाण्याला स्वतःच्या आठवणी चिकटलेल्या असतात आणि मग परिणाम गाण्याचा की आठवणीचा, हे वेगळे करता येत नाही.

सर्वांनी एकच संगीत ऐकूनही प्रतिसाद तीन प्रकारचे आले. काहींना निवांत उदासी जाणवली, काहींना अस्वस्थ करणारी उदासी जाणवली, आणि काहींचे मन हेलावले. हेलावणारा प्रतिसाद सर्वांत उत्कट होता आणि तो कोणाला येतो याचा अंदाज स्वभावावरून बांधता येत होता. दुसऱ्याच्या दुःखाने कळवळणाऱ्या, कल्पनेत सहज रमणाऱ्या माणसांना तो अधिक आला. यात एक बारकावा आहे. दुसऱ्याचे दुःख पाहून स्वतःच बिथरणे आणि दुसऱ्याविषयी कळवळा वाटणे या समानुभूतीच्या वेगळ्या बाजू आहेत. गहिवर आणणारी बाजू कळवळ्याची आहे.

वुओस्कोस्की आणि एरोला यांनी 2017 मध्ये हाच धागा पुढे नेला. वेगवेगळे तुकडे ऐकवून प्रत्येकाने किती दुःख जाणवले, मन किती हेलावले आणि तुकडा किती आवडला, हे त्यांनी विचारले. दुःख आणि आवड यांचा संबंध हेलावण्याच्या मार्गाने जात होता. दुःख जाणवले पण मन हेलावले नाही, तर आवडही वाढत नव्हती. पहिल्या प्रश्नाचे आज दिले जाणारे सर्वांत भक्कम उत्तर हेच आहे. करुण गाण्यातला सुखद भाग म्हणजे गहिवर, आणि दुःख त्या गहिवराचे निमित्त ठरते. सासरी निघालेल्या मुलीच्या गाण्याने डोळे भरतात ते मुख्यतः नुकसानीच्या जाणिवेने भरत नाहीत. आई आणि मुलगी यांच्यातल्या नात्याचे मोल त्या क्षणी ठळक होते, म्हणून भरतात.

एक जैविक स्पष्टीकरणही पुढे आले होते. संगीतशास्त्रज्ञ डेव्हिड ह्युरन यांनी 2011 मध्ये सुचवले की खऱ्या शोकात शरीर सांत्वनासाठी प्रोलॅक्टिन हे संप्रेरक सोडत असावे. करुण संगीताने तीच यंत्रणा चालू होते, पण प्रत्यक्ष नुकसान झालेले नसल्यामुळे सांत्वन तेवढे उरते. कल्पना आकर्षक होती आणि लोकप्रिय लेखांतून ती सिद्ध झाल्यासारखी फिरली. नंतर प्रत्यक्ष संप्रेरक मोजणाऱ्या अभ्यासांत मात्र अपेक्षित वाढ दिसली नाही. आज या कल्पनेला पुराव्याचा आधार आहे असे म्हणता येत नाही.

मनःस्थिती सांभाळण्याच्या रीती

आता दुसरा प्रश्न. लोक गाण्यांचा उपयोग मन सांभाळण्यासाठी करतात तो कोणकोणत्या रीतींनी? सुवी सारिकालिओ आणि याको एर्किला यांनी 2007 मध्ये फिनलंडमधल्या आठ किशोरवयीन मुलामुलींशी सविस्तर बोलून सात रीती नोंदवल्या. करमणूक, थकव्यानंतर ताजेतवाने होणे, उत्कट अनुभव घेणे, नको त्या विचारांपासून लक्ष हटवणे, भावनेचा निचरा करणे, झालेल्या गोष्टींवर मनात विचार करणे, आणि दिलासा मिळवणे. नमुना अगदी लहान होता, पण ही वर्गवारी पुढच्या प्रश्नावल्यांचा पाया ठरली.

करुण गाण्यांच्या संदर्भात शेवटच्या तीन रीती महत्त्वाच्या आहेत, आणि बाहेरून त्या सारख्या दिसतात. दार लावून, हेडफोन घालून कोणी तासभर उदास गाणी ऐकत असेल तर तो निचरा करतो आहे, विचार करतो आहे की दिलासा घेतो आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. दिलाशात मुख्य गोष्ट असते कोणीतरी समजून घेतल्याची. गाण्यातला आवाज सल्ला देत नाही, ‘सोडून दे’ म्हणत नाही, आणि तरीही त्यालाही हे माहीत आहे असे वाटत राहते. आपले दुःख आणखी कोणी भोगलेले आहे, ते शब्दांत बसवता येते, त्याला चाल लावता येते, एवढ्यानेच एकटेपणा कमी होतो.

महाराष्ट्रात याचे जुने उदाहरण जात्यावरच्या ओव्यांत आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या बायकांकडून अशा लाखभर ओव्या गोळा झाल्या. सासुरवास, माहेरची ओढ, आईचा मृत्यू, दारिद्र्य हे विषय त्यांत पुन्हा पुन्हा येतात. पहाटे दळताना गाणारी बाई कित्येकदा जात्यालाच सखी मानून बोलते, आणि समोर बसलेली दुसरी बाई तीच ओवी उचलून पुढे नेते. चारचौघांत बोलता न येणारी गोष्ट ओवीत बसते, कारण ओवी सगळ्यांची असते. दुःख स्वतःचे आणि शब्द सामाईक, या रचनेमुळे तक्रारही होते आणि तक्रारखोर ठरावे लागत नाही.

आजचा श्रोता गाणे रचत नाही, निवडतो. निवडीचा निकष परिणाम बदलतो. ॲनेमीक वान डेन टोल आणि जेन एडवर्ड्स यांनी अलीकडच्या एखाद्या वाईट प्रसंगानंतर लोकांनी कोणते करुण गाणे का निवडले, हे विचारले. निकष साधारण चार निघाले. गाण्याशी मनःस्थिती जुळते, गाण्यातून काही सांगणे मिळते, गाणे ऐकायला सुंदर आहे, किंवा गाण्याला एखादी आठवण जोडलेली आहे. त्यांच्या 2015 च्या अभ्यासात मनःस्थिती सुधारण्याशी थेट संबंध दिसला तो गाण्याच्या सौंदर्यासाठी केलेल्या निवडीचा. आठवण जागी करण्यासाठी निवडलेल्या गाण्यांनी तसा लाभ दिसला नाही. याचे कारण समजण्यासारखे आहे. सुंदर गाण्यात लक्ष स्वरांकडे, शब्दांच्या बांधणीकडे जाते. आठवणीच्या गाण्यात ते त्या माणसाकडे आणि त्या संध्याकाळकडे जाते.

दिलासा केव्हा मिळत नाही

एक नमुना घेऊन पाहता येईल. प्रेमभंग झालेल्या दोघांनी एकाच रात्री तलत मेहमूदचे एकच गाणे लावले असे समजू. पहिल्याच्या मनात येते, हे किती नेमके आहे, आपल्याला जे सांगता येत नव्हते ते हेच. डोळे भरतात, गाणे संपते, आणि त्याला एखाद्या मित्राला मेसेज करावासा वाटतो किंवा झोप येते. दुसऱ्याच्या मनात गाण्याच्या पहिल्या ओळीबरोबर शेवटचे भांडण सुरू होते. आपण काय बोलायला हवे होते, तिने असे का केले, आपल्याच बाबतीत असे का होते. गाणे संपते तेव्हा तो भांडणाच्या मध्यावर असतो, म्हणून तो तेच गाणे पुन्हा लावतो. पहिल्याने दुःखाकडे पाहिले, दुसरा त्यात गोल फिरत राहिला. दुसऱ्याची ही सवय, तेच तेच विचार मनात घोळवत राहण्याची, नैराश्याच्या संशोधनात धोक्याची खूण मानली जाते.

ऑस्ट्रेलियातील सँड्रा गॅरिडो आणि एमरी शूबर्ट यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच निवडीचे, त्यांना दुःखी करणारे गाणे ऐकायला सांगितले आणि आधी व नंतर त्यांची मनःस्थिती प्रश्नावलीने मोजली. विचार घोळवण्याची सवय असलेल्यांची उदासी ऐकल्यानंतर वाढलेली दिसली. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे अशी माणसे ‘मला या गाण्यांनी बरे वाटते’ असेही सांगतात. गाणे आवडणे आणि गाण्याने मनःस्थिती सुधारणे यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो, हे इथे स्पष्ट होते.

नैराश्याचे निदान झालेल्यांच्या बाबतीत चित्र थोडे गुंतागुंतीचे आहे. याएल मिलग्रम आणि सहकाऱ्यांच्या 2015 च्या अभ्यासात नैराश्यग्रस्तांनी इतरांपेक्षा करुण संगीत जास्त वेळा निवडले. ओळखीची वाटणारी उदासी ते टिकवून ठेवतात की काय, असा अर्थ त्यावरून काढला गेला. सन्क्युंग यून आणि सहकाऱ्यांनी नंतर तोच प्रयोग पुन्हा करून निवडीचे कारणही विचारले. करुण संगीत शांतवणारे वाटते, असे उत्तर मिळाले. नैराश्यात शरीराची ऊर्जाच कमी झालेली असते. अशा वेळी धडाडते आनंदी गाणे अंगावर येते, मंद गाणे झेपते. ते मंद संगीत नेमके करुण असते, एवढाच योगायोग पुष्कळदा असावा. त्यामुळे नैराश्यातला माणूस उदास गाणी ऐकतो म्हणून त्याला दुःखच हवे आहे, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

घरातल्या कोणाचे ऐकणे मदत करते आहे की नाही, हे गाण्यांच्या यादीवरून ठरवता येत नाही. कळते ते ऐकण्यानंतरच्या अर्ध्या तासावरून. मन हलके झाले की जड, विचार पुढे सरकला की त्याच जागी आला, ऐकल्यावर माणसांत जावेसे वाटले की दार आणखी घट्ट लावावेसे वाटले, नको झाल्यावर गाणे थांबवता आले की नाही. सारिकालिओ आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये किशोरवयीन मुलांसाठी केलेली तेरा विधानांची प्रश्नावली याच दिशेची आहे. तीत गाण्यांचा प्रकार महत्त्वाचा नाही. संगीत माणसांशी जोडते आणि सावरते, की एकटे पाडते आणि वाईट विचारांत अडकवते, हे तीत पाहिले जाते.

संगीतोपचारात यावर एक जुनी पद्धत आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आयरा आल्टशुलर यांनी 1948 मध्ये ती मांडली. आधी रुग्णाच्या चालू मनःस्थितीशी जुळणारे संगीत घ्यायचे आणि मग पायरीपायरीने हव्या त्या मनःस्थितीकडे न्यायचे. खचलेल्या माणसाला एकदम उडते गाणे लावले तर ते परके वाटते, म्हणून सुरुवात मंद आणि करुण गाण्याने होते. पुढचे गाणे तितकेच मंद पण कमी जड, त्यापुढचे मध्यम लयीचे, आणि शेवटचे जरा उघडे, असा क्रम लावला जातो. घोळवणाऱ्या श्रोत्याला यात सर्वांत उपयोगी पडते ती एक गोष्ट. यादी पुढे जाते, तेच गाणे पुन्हा येत नाही. मात्र हे साधन साध्या उदासीपुरते आहे. झोप, भूक आणि काम आठवडेच्या आठवडे बिघडले असेल किंवा जगण्याचा वीट आल्याचे बोलणे येत असेल, तर उपाय डॉक्टरांकडे असतो, गाण्यांच्या यादीत नसतो.

पुराव्याच्या मर्यादा

या संशोधनातला बराचसा भाग स्वतः दिलेल्या उत्तरांवर उभा आहे, आणि उत्तरे देणारे मुख्यतः युरोप-अमेरिकेतले तरुण विद्यार्थी आहेत. प्रयोगात ऐकवलेले तुकडे थोडक्या मिनिटांचे, बहुधा शब्दांवाचूनचे असतात. मराठी किंवा हिंदी श्रोता मात्र करुण गाणे प्रामुख्याने शब्दांतून ऐकतो, आणि गझल, भावगीत किंवा विराणी यांत काव्याचा वाटा चालीइतकाच असतो. प्रयोगशाळेत एकदा ऐकणे आणि वर्षानुवर्षे तेच गाणे सोबत बाळगणे यांतही अंतर आहे. म्हणून आकडे जसेच्या तसे इकडे लावता येत नाहीत. जे निष्कर्ष वेगवेगळ्या देशांत आणि पद्धतींत पुन्हा पुन्हा आले आहेत ते दोन आहेत. करुण संगीतातले सुख गहिवरातून येते आणि त्याला समानुभूतीचा स्वभाव पोषक ठरतो, हा एक. आणि त्या सुखाचे दिलाशात रूपांतर होणे ऐकणाऱ्याचे लक्ष गाण्यावर राहते की स्वतःच्या गाऱ्हाण्यावर परत परत येते यावर ठरते, हा दुसरा.